चमक पुसायची की उतरवायची? कपाळावरच्या तेलकट प्रकाशाचा छोटा इतिहास

जोन क्रॉफर्ड या हॉलिवूडच्या नटीची दोन चित्रं इंटरनेटवर शेजारी शेजारी ठेवलेली तुम्ही कधीतरी पाहिली असतील. 1931 सालच्या ‘लाफिंग सिनर्स’ या चित्रपटाच्या वेळी जॉर्ज हरेलने काढलेला हा फोटो. डावीकडे चेहऱ्यावर फ्रेकल्स, म्हणजे बारीक तपकिरी ठिपके, डोळ्यांखाली रेषा, कातडीचा पोत अगदी उघडा. उजवीकडे तेच चित्र, पण चेहरा संगमरवरासारखा. खाली हमखास एक वाक्य असतं: ‘फोटोशॉप नव्हतं तेव्हाचं फोटोशॉप’.

ही जोडी बघताना बहुतेकांची नजर ठिपक्यांवर जाते. ठिपके होते, ठिपके गेले. मला मात्र जे गेलेलं नाही त्याकडे तुमचं लक्ष वेधायचंय. कपाळावरची आणि गालाच्या हाडावरची चमक दोन्ही चित्रांत आहे. निगेटिव्हवर काम करणारा रिटचर जेम्स शार्प या एका चेहऱ्यावर सहा तास बसला होता असं सांगतात. सहा तासांत शेकडो ठिपके गेले आणि चमक जागच्या जागी राहिली. असं का, हा प्रश्न धरून आपण आजच्या फोटो एडिटिंगपर्यंत जाणार आहोत. चेहऱ्यावरची तेलकट चमक कमी करायला डॉज आणि बर्न वापरावं की ब्लर, हा वाद त्या निगेटिव्हवरच बराचसा निकालात निघालेला आहे.

एक कारण लगेच सांगून टाकतो. हरेलला ती चमक हवीच होती. चेहऱ्याला मेकअपचा जाड थर लावू न देता तो फोटो काढायचा, कारण तशा थराखाली कातडीवरचा प्रकाश मरतो. 1930 मध्ये तो एमजीएमचा पोर्ट्रेट फोटोग्राफर झाला आणि आधीच्या मऊ फोकसच्या धाटणीपासून हळूहळू दूर गेला. फोकस तीक्ष्ण झाला, दिवा वरून आणि कडक पडू लागला, आणि जे आधी धूसरपणात लपत होतं ते सगळं निगेटिव्हवर उतरू लागलं. म्हणजे शार्पच्या पेन्सिलीला काम मिळालं ते हरेलने धूसरपणा सोडला म्हणून.

पण हवी होती म्हणून राहिली, हे अर्धंच उत्तर झालं. समजा हरेलला ती नको असती, तरी शार्पच्या पेन्सिलीने ती काढता आली नसती.

पेन्सिल फक्त एकाच दिशेने चालते

इथे निगेटिव्हचं उलटं गणित डोक्यात पक्कं बसायला हवं. निगेटिव्हमध्ये उजळ भाग दाट, काळा असतो आणि सावलीचा भाग पातळ, पारदर्शक असतो. प्रिंट काढताना प्रकाश पातळ भागातून भरपूर जातो आणि कागद तिथे काळा होतो. दाट भागातून तो जेमतेम जातो आणि कागद पांढरा राहतो.

आता फ्रेकल म्हणजे आजूबाजूच्या कातडीपेक्षा गडद ठिपका. निगेटिव्हवर तो छोटासा पातळ खड्डा दिसतो. रिटचर निगेटिव्हच्या त्या भागावर डामर डिंक आणि टर्पेंटाइनचं पातळ द्रावण चोळायचा, म्हणजे गुळगुळीत पृष्ठभागाला पेन्सिल धरेल इतका खरखरीतपणा यायचा. मग खालून प्रकाश येणाऱ्या तिरक्या काचेच्या डेस्कवर निगेटिव्ह ठेवून, सुईसारखं टोक काढलेल्या कडक पेन्सिलीने त्या खड्ड्यात ग्रॅफाइट भरायचा. खड्डा शेजारच्याइतका दाट झाला की प्रिंटमध्ये ठिपका नाहीसा. निगेटिव्हला बारीक कंप देणारी यंत्रंही होती, म्हणजे पेन्सिलीचा फटकारा रेघेसारखा न उमटता दाण्यादाण्याने पसरायचा. डोळ्याखालची रेषा, नाकाशेजारची घडी, मुरुमाची सावली, सगळं याच पद्धतीने. आपल्याकडच्या जुन्या स्टुडिओंमध्येही निगेटिव्हवर ‘टचिंग’ करणारी माणसं असत, आणि त्यांचं मुख्य हत्यारही पेन्सिलच.

पण चमक? चमक म्हणजे निगेटिव्हवरचा खड्डा नव्हे, उंचवटा. तिथे चांदी आधीच गच्च आहे. पेन्सिल फक्त भर घालू शकते, आणि भर घातली तर प्रिंटमध्ये चमक आणखी पांढरी होईल. चमक उतरवायची तर निगेटिव्हवरून काहीतरी काढून घ्यायला हवं.

काढून घेण्याचे दोन मार्ग होते. पहिला चाकू. बारीक, अतिशय धारदार पात्याने इमल्शनचा थर खरवडायचा, केसाइतका, थोडा थोडा. दुसरा रासायनिक: 1883 मध्ये हॉवर्ड फार्मरने सांगितलेलं, पोटॅशियम फेरिसायनाइड आणि हायपोचं द्रावण. ते कापसाने किंवा ब्रशने लावलं की त्या जागची चांदी विरघळते. दोन्ही मार्गांत एकच भीती. पेन्सिल चुकली तर पुसून पुन्हा सुरुवात करता येते. चाकू खोल गेला किंवा द्रावण सेकंदभर जास्त राहिलं, तर गेलेली चांदी परत येत नाही. शिवाय चमक हा काही ठिपका नसतो. कपाळावर ती बोटभर रुंद असते आणि कडेला विरत जाते. इतका मोठा भाग, विरत्या कडेसकट, चाकूने एकसारखा खरवडणं म्हणजे पोळी न फाटू देता तिच्यावरचा पापुद्रा काढण्यासारखं. करणारे करत, पण हे रोजचं काम नव्हे.

म्हणून शहाणे फोटोग्राफर चमक आधीच आवरत, पावडरने किंवा दिव्याची जागा बदलून. आणि ती उरलीच तर निगेटिव्हला हात न लावता प्रिंटवर उतरवत. तेच बर्निंग.

वीस सेकंद आणि वर आठ

डार्करूममधली रीत अशी. समजा एका पोर्ट्रेटला एन्लार्जरखाली 20 सेकंद एक्स्पोजर बरोबर बसतंय: कातडी, केस, कपडे सगळं ठीक, फक्त कपाळाचा मधला भाग कोऱ्या कागदासारखा. तर पूर्ण चित्राला 20 सेकंद द्यायचे. मग मधोमध छोटं भोक पाडलेला पुठ्ठा लेन्स आणि कागदाच्या मध्ये धरायचा, म्हणजे प्रकाश फक्त कपाळावर पडेल, आणि तेवढ्याच भागाला आणखी 8 सेकंद द्यायचे. 28 सेकंद म्हणजे मूळच्या साधारण दीडपट, फोटोग्राफीच्या भाषेत अर्धा स्टॉप. या काळात पुठ्ठा सतत हलता ठेवायचा. स्थिर धरला की भोकाची कड प्रिंटवर कड्यासारखी उमटते. डॉजिंग याच्या उलट: तारेला लावलेल्या छोट्या चकतीने 20 सेकंदांतले काही सेकंद एखादा भाग झाकायचा, तो उजळ राहतो. आजच्या सॉफ्टवेअरमध्ये डॉजचं चिन्ह दांडीवरची चकती असतं आणि बर्नचं चिन्ह बोटं वळवून भोक केलेला हात. ती याच कामाची चित्रं आहेत.

इथे एक गोष्ट नीट बघा, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. वरचे 8 सेकंद निगेटिव्हमधूनच येतात. म्हणजे कपाळावरच्या प्रत्येक रंध्राचा, प्रत्येक बारीक सुरकुतीचा तपशील त्या जादा प्रकाशातही आहे. बर्न केल्याने जागा गडद होते, पण तिथला पोत जात नाही. उलट, कागदाच्या पांढरेपणात बुडालेला पोत बर्न केल्यावर वर येतो. चाकूने हे होत नाही. चाकू खरवडतो तेव्हा चांदीबरोबर तपशीलही जातो.

बिघडतं कुठे, तेही सांगायला हवं. फोटोग्राफीचा कागद अगदी उजळ टोकाला सुस्त असतो: तिथे जादा प्रकाश दिला तरी तो हळूहळू गडद होतो. मधल्या छटांमध्ये तो चपळ असतो. म्हणून भोक चमकेपेक्षा थोडं जरी मोठं झालं, तरी चमक जेमतेम राखाडी होते आणि तिच्याभोवतीची चांगली कातडी मात्र झपाट्याने काळवंडते. कपाळाच्या चमकेभोवती मळकट कडं, भुवयांच्या वर घाण साचल्यासारखी पट्टी, ही ओबडधोबड बर्निंगची ओळख. उपाय दोन: भोक चमकेपेक्षा लहान ठेवायचं, आणि बर्निंग कमी कॉन्ट्रास्टच्या प्रकाशात करायचं. इल्फर्डने 1940 मध्ये मल्टिग्रेड कागद आणल्यावर हे सोपं झालं, कारण त्यावर फिल्टर बदलून एकाच प्रिंटचे वेगवेगळे भाग वेगवेगळ्या कॉन्ट्रास्टने छापता येतात. मऊ फिल्टरने बर्न केलं की उजळ भाग लवकर रंग धरतो आणि गडद भाग फारसा हलत नाही.

ब्लर तेव्हाही होता

आता कुणी म्हणेल, ब्लर म्हणजे संगणकाची देणगी, तिचा डार्करूमशी काय संबंध? तर तसं नाही. लेन्ससमोर जाळीचं कापड ताणणं, खास मऊ फोकसची लेन्स वापरणं, एन्लार्जरखाली रेशमी मोजा धरणं, हे सगळं चालायचं. आणि त्यातही एक मजेदार उलटसुलट आहे.

कॅमेऱ्यावर जाळी लावली की उजळ भागातला प्रकाश सांडून शेजारच्या गडद भागात जातो. म्हणजे कपाळावर चमक असेल तर ती कमी होत नाही, तिला वलय येतं आणि ती पसरते. मेणबत्तीभोवती धुक्यात जे होतं तेच. एन्लार्जरखाली जाळी धरली तर मात्र प्रकाश निगेटिव्हच्या पातळ भागातून, म्हणजे सावल्यांमधून सांडतो, आणि गडदपणा उजळ भागात शिरतो. इथे चमक किंचित मंदावते, पण त्याची किंमत म्हणून पापण्या, भुवया, केसांच्या कडा यांतला काळा रंग गालावर ओघळतो आणि चेहऱ्याला मरगळ येते. एकाच जाळीचे दोन विरुद्ध परिणाम, ती कुठे धरली यावर. मऊ फोकसचा जमाना रंगवताना अनेक लेखांत हा फरक सरसकट गाळलेला दिसतो, आणि मग ‘मऊ फोकसने चेहऱ्याचे दोष लपत’ असं ढोबळ वाक्य येतं. सुरकुत्या लपत, हे खरं. चमक लपत नसे.

संगणकावर तेच गणित, आकड्यांत

आता डिजिटल फोटोकडे या. एक साधं उदाहरण मांडतो. आकडे समजण्यापुरते घेतलेत. कपाळाच्या साध्या कातडीची उजळता 150 धरा (0 म्हणजे काळं, 255 म्हणजे शुभ्र). मधोमध चमक आहे, तिचा शेंडा 225 वर. म्हणजे 75 चा उंचवटा. तो टेकडीसारखा गोल असून सगळ्या बाजूंनी हळूहळू उतरतो. त्याचा पसारा गॉशियन वक्राच्या भाषेत 50 पिक्सेलचा. त्याच्यावर रंध्रांचा पोत आहे: दर 10 पिक्सेलला एक लाट, 8 ने वर, 8 ने खाली.

यावर `Gaussian Blur` चालवू, पसारा 10 पिक्सेल. रंध्रांची लाट इतकी बारीक आहे की ती जवळजवळ शून्य होते. टेकडीचं काय? गोल टेकडीची नवी उंची काढायचं सूत्र सोपं आहे:

```
75 × 50² / (50² + 10²) = 75 × 2500 / 2600 ≈ 72
```

75 ची टेकडी 72 ची झाली. पोत संपूर्ण गेला आणि चमक जिथल्या तिथे. आता आपल्याला तेलकट कपाळाऐवजी प्लास्टिकचं कपाळ मिळालं, आणि प्लास्टिक चमकतं म्हणून ते आणखीच तेलकट दिसतं! ब्लर जिद्दीने वाढवत नेला आणि चमक निम्मी करायची ठरवली, तर पसारा 50 पिक्सेल, म्हणजे टेकडीच्या पसाऱ्याएवढाच लागतो. तेवढ्यात भुवई, पापणी आणि नाकाची कड सगळं एकमेकांत कालवलं जातं. पटत नसेल तर हातातल्या कुठल्याही फोटोवर करून बघा.

दोष ब्लरचा नाही, निदानाचा आहे. ब्लर बारीक गोष्टी पुसतो आणि मोठ्या गोष्टी ठेवतो. तेलकट चमक ही मोठी गोष्ट आहे. आपल्याला नेमकं उलट हवंय: मोठी टेकडी उतरवायची आणि तिच्यावरचं गवत राखायचं.

बर्न तेच करतं. शेंड्यावर 225 आहे, ते 185 वर आणायचं, तर त्या जागच्या सगळ्या पिक्सेलना साधारण 0.82 ने गुणायचं. शेंड्यापासून दूर जाल तसा गुणक 1 कडे नेत जायचा. टेकडी 75 वरून 35 वर आली. आणि 8 ची रंध्रांची लाट? तीही 0.82 ने गुणली गेली, म्हणजे साडेसहाची उरली. थोडी मंद, पण जिवंत. डार्करूममधल्या 8 सेकंदांत जे घडत होतं, त्याचंच हे हिशेबी रूप.

प्रत्यक्ष करताना मूळ चित्रावर थेट बर्न टूल फिरवू नका. पुसायची सोय ठेवा. वर एक `Curves` थर घ्यायचा, त्याची मधली रेषा खाली ओढून सगळं चित्र गडद करायचं, मग त्या थराचा मास्क पूर्ण काळा करायचा म्हणजे परिणाम लपतो. आता मऊ कडेचा ब्रश, पांढरा रंग, ब्रशचा `Flow` 2 ते 5 टक्के, आणि चमकेच्या शेंड्यापासून सुरुवात करून हलक्या हाताने अनेक वेळा फिरवायचं. ब्रश चमकेपेक्षा लहान, हा जुना नियम इथेही लागू. गालावर चमकेच्या आत एखादी खळगी गडद राहून डाग दिसू लागली, तर तशाच दुसऱ्या, उजळणाऱ्या थराने तेवढीच जागा डॉज करायची. मधून मधून चित्र अगदी छोटं करून बघायचं. मोठं करून काम करताना रंध्रं दिसतात, टेकडी दिसत नाही. छोटं केलं की मळकट कडं असेल तर लगेच खटकतं.

आणि चमक शून्यावर आणायची नाही. 225 चे 150 केलेत तर कपाळाचा गोलवा जातो, चेहरा भिंतीवर चिकटवलेल्या कागदासारखा सपाट होतो. हरेलला चमक का हवी होती, ते इथे कळतं. चेहऱ्याचा आकार आपल्याला बराचसा तिच्यामुळेच कळतो.

दोन ठिकाणी बर्न हात टेकतं. पहिलं: चमक 255 वर जाऊन थडकली असेल तर तिथे गुणायला पोतच नाही. बर्न केल्यावर चुन्याचा ठिपका राखेचा होतो, एवढंच. आधी रॉ फाइलमधून उजळ टोकाचा तपशील परत येतो का पाहायचं. नाही आला तर शेजारच्या निरोगी कातडीचा पोत तिथे आणण्यावाचून इलाज नाही.

दुसरं ठिकाण रंगाचं, आणि त्याला स्वतःचा इतिहास आहे. कातडीचा रंग येतो तो आत शिरून, रंगद्रव्यातून फिरून परत आलेल्या प्रकाशातून. तेलकट चमक वरच्या वर परतलेली असते. तिच्यात कातडीचा रंग नसतो, दिव्याचा आणि आसपासच्या वस्तूंचा असतो. टेक्निकलर चित्रपटांत ही गोष्ट महागात पडली. जुन्या ग्रीजपेंट मेकअपला एक तेलकट झाक असायची, आणि ती सेटवरचे, कपड्यांचे रंग चेहऱ्यावर उचलायची. कृष्णधवल फिल्ममध्ये हे कुणाला कळत नव्हतं. मॅक्स फॅक्टरच्या कंपनीने चमक न देणारा पॅन-केक मेकअप तयार केला तो यासाठी, आणि 1937 च्या ‘वोग्ज ऑफ 1938’ या चित्रपटात तो वापरला गेला.

आपल्या फाइलमध्ये हे असं दिसतं. समजा साधी कातडी लाल 190, हिरवा 140, निळा 115 अशी आहे, आणि चमक 235, 222, 212. चमकेला गुणून लाल 190 वर आणला तर हिरवा 179 आणि निळा 171 वर थांबतो. उजळता आटोक्यात आली, पण रंग राखेचा, आजारी माणसाच्या कपाळासारखा. म्हणून बर्नच्या वर एक रिकामा थर घेऊन त्याचा मिश्रण-प्रकार `Color` ठेवायचा, शेजारच्या साध्या कातडीचा रंग उचलायचा आणि अगदी पातळ हाताने तिथे फिरवायचा. कृष्णधवल जमान्यातल्या बर्निंगला ही पायरी लागतच नव्हती, म्हणून जुन्या डार्करूमच्या रीती जशाच्या तशा रंगीत फाइलवर लावणारे इथे फसतात.

सावळ्या चेहऱ्याचं वेगळं गणित

वरच्या आकड्यांत मी जी कातडी घेतली ती उजळ होती. पृष्ठभागावरून परतणारा प्रकाश मेलॅनिन किती आहे यावर अवलंबून नसतो. तो वरच्या थरावर, तेलावर आणि दिव्याच्या कोनावर ठरतो. समजा एका विशिष्ट दिव्याखाली चमकेमुळे 20 एकक प्रकाशाची भर पडते. गोऱ्या कातडीतून आतून 40 एकक येत असतील तर चमकेची जागा 60, म्हणजे शेजारच्या दीडपट. सावळ्या कातडीतून 10 येत असतील तर चमकेची जागा 30, म्हणजे तिप्पट. तेल तेवढंच, दिवा तोच, पण चमक किती ठळक दिसते यात दुपटीचा फरक.

याचा अर्थ आपल्यातल्या अनेकांच्या फोटोंत चमक जास्त टोकदार असते, आणि तिथे ब्लर जास्त दगा देतो, कारण पांढरा प्रकाश शेजारच्या सावळ्या रंगात मिसळून करडी साय पसरते. बर्न करतानाही मोह आवरायला हवा. उजळ कातडीसाठी ठरवलेलं ‘किती चमक बरी’ याचं माप इथे लावलं तर आपण आकारच पुसून टाकतो, कारण सावळ्या चेहऱ्याचा आकार सावल्यांपेक्षा चमकेतून जास्त बोलतो. आणि सपाट झालेला तो चेहरा मग जिवंत दिसावा म्हणून सरसकट डॉज केला जातो, म्हणजे गोरा केला जातो. चमक कमी करायला बसलेला माणूस रंग बदलून उठतो, तो असा.

पुरावा कुठे शोधायचा

आता संशोधनाच्या बाजूने शेवटचा मुद्दा. क्रॉफर्डची जोडी इतकी प्रसिद्ध का झाली? कारण तिच्यात पेन्सिलीचं काम आहे, आणि पेन्सिलीचं काम निगेटिव्हवर टिकतं. एखादी काचेची प्लेट किंवा शीट फिल्म तिरक्या प्रकाशात धरा: ग्रॅफाइट मंद शिशासारखं चमकतं, चाकूने खरवडलेली जागा इमल्शनच्या बाजूने वेगळी, ओरखडल्यासारखी दिसते. अभिलेखागारात निगेटिव्ह असेल तर रिटचिंगचा पुरावा हाताशी आला.

बर्निंगचं तसं नाही. ते हवेत होतं, पुठ्ठा आणि कागद यांच्यामध्ये, आणि निगेटिव्हवर त्याची एकही खूण राहत नाही. ते ओळखायचं तर एकाच निगेटिव्हच्या दोन प्रिंट शेजारी हव्यात, शक्यतो एक सरळ कॉन्टॅक्ट प्रिंट आणि एक प्रकाशित झालेली. कपाळ आणि भुवयांवरची कातडी यांच्यातला फरक दोन्हींत सारखाच आहे का, ते पाहायचं. कधी नशिबाने छपाई करणाऱ्याच्या खुणा मिळतात. मॅग्नम संस्थेच्या न्यूयॉर्क डार्करूममधले पाब्लो इनिरिओ यांनी प्रिंटवर काढलेली वर्तुळं आणि त्यांत लिहिलेले आकडे आता बरेच प्रसिद्ध आहेत. डेनिस स्टॉकने 1955 मध्ये टाइम्स स्क्वेअरमध्ये टिपलेल्या जेम्स डीनच्या फोटोवरच्या खुणा त्यांतल्याच. कुठल्या भागाला किती जादा एक्स्पोजर दिलं, ते तिथे सरळ वाचता येतं. पण अशा खुणा काढलेली प्रिंट कामाची म्हणून वापरली जाते आणि सहसा टाकून दिली जाते.

परिणामी रिटचिंगचा जो इतिहास लिहिला जातो तो मुख्यतः पेन्सिलीचा, म्हणजे ठिपके आणि सुरकुत्या घालवण्याचा असतो. चमक उतरवण्याचा इतिहास त्यात पातळ पडतो, आणि मग वाचणाऱ्याला वाटतं की जुने लोक चेहरा फक्त गुळगुळीत करत होते. त्यावरून ब्लर हाच त्यांचा वारस ठरवायला वेळ लागत नाही. तुम्ही एखाद्या स्टुडिओच्या संग्रहावर काम करणार असाल, तर नोंदवहीत प्रत्येक चित्रापुढे आधी हे लिहा: पाहिली ती प्रिंट की निगेटिव्ह, आणि त्याच निगेटिव्हची दुसरी प्रिंट कुठे आहे. डिजिटल संग्रहात हाच प्रश्न असा विचारायचा: थर असलेली फाइल आहे, की सगळं एकात मिसळलेली जेपेग? जेपेगमध्ये ब्लर पकडता येतो, कारण तिथल्या कातडीचा पोत शेजारच्या मानेपेक्षा अचानक संपतो. चांगलं केलेलं बर्न सहसा पकडता येत नाही.